“हिला गाडी लागते का?” असं विचारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाही, पण मागच्या महिन्यात पुण्यात डे केअर वॉर्डला अंडाशयाच्या गाठीचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालेली २९ वर्षांची मुलगी आणि तिच्याबरोबर फाइल घट्ट धरून बसलेली मोठी बहीण तुम्हाला आठवत असेल. ती मोठी बहीण मी. त्या दिवशी नुसतं थँक्यू म्हणून निघाले, ते काही बरोबर वाटलं नाही, म्हणून आता नीट लिहितेय.

सकाळी आत नेण्याआधी तुम्ही बीपी बघता बघता सहज विचारलंत, हिला गाडी लागते का? मी म्हटलं हो, सातारला जाताना खंबाटकी घाटात पिशवी हातातच असते. तुम्ही लगेच जाऊन भुलीच्या डॉक्टरांना सांगून आलात. मला तेव्हा कळलंच नाही की गाडी लागण्याचा आणि ऑपरेशनचा काय संबंध. मग तुम्हीच सांगितलंत की ज्यांना गाडी लागते त्यांना भुलीनंतर उलट्यांचा त्रास जास्त होतो, त्यात बाई, वय कमी, वर दुर्बिणीचं ऑपरेशन, म्हणजे शक्यता अजून वाढते. म्हणून हिला उलटी थांबवायची एकच नाही तर दोन वेगळी औषधं आधीच दिली गेली.

आणि दुसरी गोष्ट सांगितलीत ती तर मी कधीच विसरणार नाही. आत्ता ही छान वाटतेय ते औषधाचा असर आहे म्हणून, तो घरी गेल्यावर उतरतो आणि मग मळमळ सुरू होऊ शकते, आज घाटातून सातारला नेऊ नका. आई तिकडे वाट बघत होती पण आम्ही ऐकलं आणि माझ्याकडे धायरीला आलो. साडेतीनला डिस्चार्ज, आणि घर यायच्या आत तिसऱ्या स्पीडब्रेकरला पहिली उलटी. तुम्ही दिलेली पिशवी आणि छोटी उशी होती म्हणून निभावलं. उलटी येताना उशी पोटाला दाबून धरायची म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरची चूक मात्र माझी. पाच वाजता ती म्हणाली ताई दुखतंय, मी घाईघाईने दुखण्याची गोळी दिली, रिकाम्या पोटी, वर अर्धा ग्लास पाणी एकदम पाजलं. वीस मिनिटांत सगळं बाहेर. मग अजून दोनदा, शेवटी पोटात काहीच नाही आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या, घामाने गार पडलेलं कपाळ, आणि शेजारच्या काकू दारात मऊ भात घेऊन उभ्या, म्हणतायत काहीतरी पोटात जाऊ दे, ताकद येईल. काकूंचं प्रेमच ते, पण तो वास आला आणि तिला परत उमासा आला.

७:४० ला मी वॉर्डच्या नंबरवर फोन केला. तुमची ड्युटी ८ ला संपणार होती, सकाळपासून उभ्या होतात तुम्ही, तरी फोन ठेवला नाहीत. आधी तुम्ही विचारलंत: लघवी कधी झाली? पोट फुगलंय का, हात लावला तर दगडासारखं लागतंय का? उलटीचा रंग काय? हाक मारली की नीट बोलते का? मग गोळीचं नाव वाचायला सांगितलंत. त्यात ट्रामाडॉल होतं. तुम्ही म्हणालात हेच मळमळवतंय बहुतेक, थांबा डॉक्टरांना विचारते. पाच मिनिटांनी तुमचा परत फोन, ती गोळी बंद, नऊ वाजता फक्त साधी पॅरासिटामॉल, आणि त्याआधी जिभेवर विरघळणारी ओन्डान्सेट्रॉन ४ एमजी, ती फाइलमध्ये लिहिलेलीच होती पण मी घाबरून विसरले होते. ती द्यायच्या आधी तुम्ही ऑपरेशनच्या वेळी तेच औषध किती वाजता दिलं होतं तेही बघितलंत, कारण सहा तासांच्या आत तेच परत दिलं तर फारसा फायदा होत नाही. आमचे आठ तास होऊन गेले होते.

गोळी विरघळल्यावर अर्धा तास काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मग दर पाच मिनिटांनी दोन चमचे ओआरएस. पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. उलटी झालीच तर परत अर्धा तास थांबून एका चमच्यापासून सुरू. मी मोबाइलला टायमर लावून बसले. डोकं उशांवर उंच, खिडकी उघडी, आणि झोप लागली तर कुशीवर. आणि मळमळ चढली की इंजेक्शनच्या आधी पुसतात ती सीलबंद अल्कोहोलची पट्टी फोडून नाकापासून दोन बोटं लांब धरून दोन-तीनदा नाकाने श्वास घ्यायचा. मला वाटलं वासाने अजून होईल, पण तिला खरंच बरं वाटायचं, जास्त वेळ नाही पण औषध लागू होईपर्यंत तेवढंच पुरलं.

साडेनऊनंतर उलटी झाली नाही. रात्री दोनला ती उठून बाथरूमला गेली, मी बाहेरूनच ओरडले रंग बघ गं! गडद पिवळी म्हणाली, पण झाली. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच पॅसेजमध्ये खाली बसले.

तुम्ही डिस्चार्ज कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिलं होतं ते मी इथे टाकतेय, कोणाच्या तरी कामी येईल. घोट घोट पाणीही राहत नाही, किंवा आठ तासांत लघवी नाही, किंवा दुसऱ्या दिवशीही उलट्या चालूच, तर फोन करा, रात्र आहे म्हणून थांबू नका. ताप १००.४ च्या वर गेला तरी फोन. रिकाम्या पोटी थोडं पिवळं कडू पाणी पडलं तर घाबरू नका, पण रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट पडलं, परत परत गडद हिरवं पडलं, पोट फुगत चाललं आणि गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं तर ती नुसती भुलीची मळमळ नाही, थेट हॉस्पिटलला आणा. आणि पेशंट हाकेला नीट उठत नसेल किंवा श्वासाला त्रास असेल तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. शुगरच्या पेशंटसाठी वेगळी ओळ होती, खाणं राहत नसेल तर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन द्यायचं का ते आधी विचारा, स्वतःच्या मनाने देऊ नका आणि बंदही करू नका. आमच्या आईला शुगर आहे म्हणून मी ती ओळ वेगळी फोटो काढून ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी अकराला तिने भाताची पेज मीठ घालून खाल्ली, अर्धी वाटी, आणि काकूंचा मऊ भात संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी सातारा, पुढच्या सीटवर बसून, घाटात एकदाही पिशवी लागली नाही. आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, गाडी लागते, मागच्या भुलीनंतर घरी उलट्या झाल्या, ट्रामाडॉल सोसत नाही, पुढच्या वेळी भुलीच्या डॉक्टरांना आधी सांगणे.

सिस्टर, त्या दिवशी तुम्ही घरी ८ ला नाही, साडेआठनंतर गेला असाल, आमच्यामुळे. मनापासून आभार.

तुमच्या त्या पेशंटची ताई