‘इस्कूल’च्या तक्त्यातला ‘एकूण’चा रकाना

मा. संपादक,
स. न.

‘स्कूल’चे ‘इस्कूल’ कसे होते, यावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ऑप्टिमॅलिटी थिअरी, म्हणजे शक्य उच्चारांतून भाषा एक कसा निवडते हे सांगणारा भाषाशास्त्रातला सिद्धांत, वर्तमानपत्रात, तोही तक्त्यासकट, क्वचितच वाचायला मिळतो. पण त्या तक्त्याच्या उजव्या टोकाला ‘एकूण’ असा एक रकाना आहे आणि त्याने घोटाळा केला आहे. लेखकाने प्रत्येक उच्चारापुढच्या चांदण्या, म्हणजे निर्बंध मोडल्याच्या खुणा, मोजल्या, ‘स्कूल’, ‘कूल’ आणि ‘इस्कूल’ या तिघांची बेरीज एकेक आली, आणि तिघे बरोबरीत असल्याने निवड सवयीवर अवलंबून असते, असा निष्कर्ष काढला. या तक्त्यात बेरीज करायचीच नसते. चांदण्या किती आहेत याच्या आधी त्या कोणत्या रकान्यात आहेत हे पाहायचे असते.

ॲलन प्रिन्स आणि पॉल स्मोलेन्स्की यांनी १९९३ मध्ये हा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे असे की भाषेतले निर्बंध मोडता येतात, आणि ते एकमेकांच्या विरोधात उभे असतात. एक पाळायचा तर दुसरा मोडावाच लागतो. कोणता मोडला तर चालेल हे ती भाषा निर्बंधांना कोणत्या क्रमाने लावते यावर ठरते. निर्बंध सगळ्या भाषांना सारखेच, वेगळा असतो तो त्यांचा क्रम.

लेखातलेच तीन निर्बंध घेऊ. ‘जोड नको’ म्हणजे उच्चारातल्या अक्षराच्या सुरुवातीला दोन व्यंजने लागोपाठ येऊ नयेत. ‘गाळू नको’ म्हणजे मूळ शब्दातला ध्वनी टाकून देऊ नये. अभ्यासक याला मॅक्स म्हणतात. ‘घालू नको’ म्हणजे मुळात नसलेला ध्वनी आणू नये, हा डेप. आता तक्ता असा मांडतात. डावीकडचा निर्बंध वरचढ, उजवीकडचा दुय्यम.

| मूळ: स्कूल | जोड नको | गाळू नको | घालू नको |
|---|---|---|---|
| स्कूल | *! | | |
| कूल | | *! | |
| ☞ इस्कूल | | | * |

चांदणी म्हणजे तो निर्बंध एकदा मोडला. उद्गारचिन्ह म्हणजे तो उच्चार तिथेच बाद झाला. बोट दाखवणारा हात विजेत्यापुढे असतो. वाचायचे डावीकडून. पहिल्या रकान्यात ‘स्कूल’ला चांदणी आहे आणि बाकी दोघांना नाही, म्हणून ‘स्कूल’ गेला. दुसऱ्या रकान्यात ‘कूल’ गेला. उरला ‘इस्कूल’. त्याच्याही नावावर एक चांदणी आहे, पण ती सगळ्यात खालच्या निर्बंधाची आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत स्पर्धेत दुसरे कुणी उरलेलेच नाही. शब्दकोशात शब्द लावताना असेच होते: पहिल्या अक्षराने निकाल लागला की पुढची अक्षरे कुणी बघत नाही.

या तीन निर्बंधांचे एकूण सहा क्रम लागतात, पण निकाल तीनच निघतात, कारण तळाशी कोण आहे एवढ्यावरच इथे सगळे ठरते. तळाशी ‘जोड नको’ असेल तर ‘स्कूल’ जसाच्या तसा राहतो, इंग्रजीत आहे तसा. तळाशी ‘गाळू नको’ असेल तर ‘स’ गळतो. फिनिश भाषेने स्वीडिशमधला ‘स्कोला’ घेतला तो ‘कोउलु’ असा. ‘स’ सरळ टाकून दिला. तळाशी ‘घालू नको’ असेल तर स्वर येतो. लॅटिनमधल्या ‘स्कोला’चा स्पॅनिशमध्ये ‘एस्कुएला’ झाला. फिनिशचे उदाहरण जुन्या उसन्या शब्दांपुरतेच धरावे. तीच भाषा आता ‘स्ट्रेस’साठी ‘स्ट्रेस्सी’ बिनदिक्कत म्हणते, म्हणजे तिथे ‘जोड नको’ काळाच्या ओघात खाली सरकला आहे.

आता बेरजेकडे. छोट्या तक्त्यात तिघांना एकेकच चांदणी आहे, त्यामुळे बेरजेची चूक डोळ्यात भरत नाही. तक्ता थोडा वाढवला की ती भरते. स्वर घालायचाच ठरले तरी तो कुठे घालायचा हा प्रश्न उरतो: पुढे घातला तर ‘इस्कूल’, मध्ये घातला तर ‘सुकूल’. जपानी भाषा मध्येच घालते. तिथे हा शब्द ‘सुकूरु’ असा होतो, आणि शेवटच्या व्यंजनालाही एक स्वर चिकटतो. हा फरक दाखवायला आणखी तीन निर्बंध लागतात. ‘फट नको’ सांगतो की मुळात शेजारी असलेल्या ध्वनींच्या मध्ये काही घुसवू नये. ‘स्वरारंभ नको’ सांगतो की अक्षर स्वराने सुरू होऊ नये. ‘व्यंजनान्त नको’ सांगतो की अक्षर व्यंजनाने संपू नये. तक्त्यातले टिंब उच्चारातली अक्षरे वेगळी करते.

| मूळ: स्कूल | जोड नको | गाळू नको | फट नको | घालू नको | स्वरारंभ नको | व्यंजनान्त नको |
|---|---|---|---|---|---|---|
| स्कूल | *! | | | | | * |
| कूल | | *! | | | | * |
| सु.कूल | | | *! | * | | * |
| ☞ इस्.कूल | | | | * | * | ** |

बेरीज करून पाहा. ‘स्कूल’ दोन, ‘कूल’ दोन, ‘सुकूल’ तीन, ‘इस्कूल’ चार. सर्वाधिक चांदण्या ज्याच्या नावावर, तोच विजेता. ‘इस्’ हे अक्षर स्वराने सुरू होते आणि व्यंजनाने संपते, म्हणजे अक्षर म्हणून ते बरेच ओबडधोबड आहे, आणि ‘कूल’ही व्यंजनाने संपते. पण ही सगळी उधारी उजवीकडच्या रकान्यांतली. डावीकडचे तीनही रकाने त्याने स्वच्छ ठेवले आहेत, आणि तसे ठेवणारा तो एकटाच आहे. खालच्या निर्बंधाच्या दहा चांदण्या जमल्या तरी वरच्या एका चांदणीची बरोबरी होत नाही. यालाच कडक वर्चस्व म्हणतात. निर्बंधांना वजने देऊन खरोखर बेरीज करणारी एक भावंड-पद्धतही आहे, हार्मोनिक ग्रामर नावाची. पण तिथेही प्रत्येक चांदणीची किंमत सारखी धरत नाहीत.

अशा तक्त्यांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो रास्त आहे: हवा तो उच्चार जिंकावा म्हणून तुम्ही सोयीचा क्रम लावता, मग यात सिद्ध काय झाले? उत्तर असे की एका शब्दावरून क्रम लावला तर खरेच फारसे काही सिद्ध होत नाही. पण तोच क्रम त्या बोलणाऱ्याच्या बाकी सगळ्या शब्दांना लागू पडावा लागतो. प्रत्येक शब्दात विजेत्याची एकेका पराभूताशी जोडी लावायची आणि विचारायचे: पराभूताच्या बाजूने कोणते निर्बंध आहेत, विजेत्याच्या बाजूने कोणते? पराभूताच्या बाजूच्या प्रत्येक निर्बंधावर विजेत्याच्या बाजूचा निदान एक तरी निर्बंध असलाच पाहिजे. ‘इस्कूल’ आणि ‘सुकूल’ या जोडीत ‘स्वरारंभ नको’ आणि ‘व्यंजनान्त नको’ हे दोन्ही ‘सुकूल’च्या बाजूचे आहेत. ‘इस्कूल’च्या बाजूने फक्त ‘फट नको’. म्हणजे ‘फट नको’ या दोघांच्या वर असलाच पाहिजे, तिथे पसंतीला जागा नाही.

आणि इथेच वरचा तक्ता अडचणीत येतो. हिंदी-मराठीत ‘इस्कूल’ ऐकू येते तसे ‘पिलास्टिक’ही ऐकू येते. ‘इप्लास्टिक’ मात्र कुणी म्हणत नाही. वरच्या क्रमाने पाहिले तर जिंकायला हवे ते ‘इप्लास्टिक’च, कारण ‘पिलास्टिक’मध्ये ‘प’ आणि ‘ल’ यांच्यात फट पडली आहे. ही जोडी सांगते की ‘फट नको’च्या वर काहीतरी हवे, आणि आतापर्यंतच्या यादीतून ते आणायचे तर ‘स्वरारंभ नको’ किंवा ‘व्यंजनान्त नको’ यांपैकीच एक वर न्यावा लागेल. ‘इस्कूल’ने नेमके याच्या उलट सांगितले होते. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. क्रम मनाला येईल तसा लावता आला असता तर हा पेच पडलाच नसता.

पेच सुटतो तो अक्षरांच्या सांध्याकडे पाहिले की. ध्वनींना कमी-जास्त नादमयता असते. ‘प’, ‘क’, ‘ट’ सगळ्यात कमी, ‘स’ त्याहून थोडी जास्त, ‘ल’, ‘र’ पुष्कळ जास्त, आणि स्वर सगळ्यांच्या वर. एका अक्षराच्या शेवटच्या व्यंजनावरून पुढच्याच्या पहिल्या व्यंजनावर जाताना ही नादमयता उतरलेली भाषांना चालते, चढलेली आवडत नाही. ‘इस्.कूल’मध्ये ‘स’वरून ‘क’वर उतार आहे. ‘इप्.लास्टिक’मध्ये ‘प’वरून ‘ल’वर चढ आहे. म्हणून ‘सांध्यात चढ नको’ हा निर्बंध ‘फट नको’च्या वर ठेवायचा.

| मूळ: प्लास्टिक | सांध्यात चढ नको | फट नको | स्वरारंभ नको |
|---|---|---|---|
| इप्.लास्.टिक | *! | | * |
| ☞ पि.लास्.टिक | | * | |

‘इस्कूल’च्या तक्त्यात हा निर्बंध घातला तर काहीच बिघडत नाही, कारण तिथे तो कुणीच मोडत नाही. विरोध मिटला आणि एकच क्रम दोन्ही शब्दांना पुरला. हा निर्बंध केवळ आपल्या सोयीसाठी बनवलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. इजिप्तमधल्या अरबीतही असाच भेद दिसतो: ‘प्लास्टिक’चे ‘बिलास्तिक’ होते, तर ‘स’ आणि स्पर्श व्यंजन यांच्या जोडीपुढे स्वर बसतो.

या क्रमाची परीक्षा घ्यायची तर असा शब्द हवा जो ‘स’ने सुरू होतो, पण ज्याचे दुसरे व्यंजन ‘ल’सारखे चढे आहे. ‘स’ पाहूनच पुढे ‘इ’ लागत असती तर ‘स्लेट’चे ‘इस्लेट’ व्हायला हवे होते. क्रम म्हणतो, नाही, ‘इस्.लेट’च्या सांध्यात चढ आहे, म्हणून स्वर मध्येच पडेल. आणि पाटीला लोक ‘सिलेट’ म्हणतात.

आपला,
एक वाचक