गाठ केवढी, यापेक्षा ती कुठे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वय 36. गेले वर्षभर माझी पाळी नऊ-दहा दिवस चालायची. पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावे लागे, रात्री गजर लावून उठावे लागे आणि लिंबाएवढ्या गाठी पडत. जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन 9.1 निघाले आणि आठ महिने लोहाच्या गोळ्या सुरू राहिल्या. पाळी किती जाते, हे मात्र तोवर कुणीच विचारले नव्हते.

शेवटी सोनोग्राफीत 2 सेंटिमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, दिसला. घरात सगळे म्हणाले, एवढ्याशा गाठीने काय होते? माझ्या मोठ्या बहिणीला 7 सेंटिमीटरची गाठ आहे आणि तिची पाळी चार दिवसांत आटोपते. फरक जागेचा होता. तिची गाठ गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला आहे, तर माझी आतल्या अस्तराखाली, पोकळीत डोकावणारी. अशा गाठीमुळे अस्तर ताणून पसरते आणि आजूबाजूच्या शिरा फुगतात. शिवाय पाळीत गर्भाशय आवळून रक्तवाहिन्या दाबते, त्यात ही गाठ आड येते.

आपल्या भाषेत फायब्रॉइडही गाठ आणि पडते तीही गाठच, त्यामुळे मला वाटायचे की फायब्रॉइडच तुकड्यातुकड्याने पडतोय. तसे नसते. पाळीचे रक्त गोठू नये अशी सोय गर्भाशयातच असते. रक्त फार वेगाने आले की ती अपुरी पडते आणि रक्त आतच गोठते. पडतात त्या रक्ताच्या गुठळ्या.

थकव्याचा हिशेबही साधा आहे. 100 मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण 50 मिलिग्रॅम लोह जाते आणि जेवणातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागते. गोळ्या भर घालत होत्या, पण घागरच फुटकी! लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन माझे 6 होते. हिमोग्लोबिन उतरण्याआधीच हा साठा संपतो, म्हणून ‘हिमोग्लोबिन 12 आहे, मग थकवा मनाचाच’ असे कुणी म्हटले तर फेरिटिन तपासून घ्यावे.

गर्भाशय काढण्याचा सल्लाही मिळाला. दुसऱ्या डॉक्टरांनी योनीमार्गे दुर्बीण घालून फक्त गाठ काढली, पोटावर टाका नाही. गाठ भिंतीत खोल असती तर हे जमले नसते, असे त्यांनीच सांगितले. शस्त्रक्रियेपर्यंत पाळीच्या दिवसांपुरत्या ट्रानेक्झामिक अॅसिडच्या गोळ्यांनी स्राव कमी राहिला. रक्ताची गुठळी पूर्वी पायात किंवा फुप्फुसात झाली असेल तर या गोळ्या चालत नाहीत, त्या मनाने घेऊ नयेत.

जास्त जाणाऱ्या प्रत्येक पाळीमागे फायब्रॉइडच असतो असेही नाही. माझी थायरॉइडची आणि गरोदरपणाची तपासणी आधी झाली होती. पण तासाला एक पॅड भिजू लागला आणि चक्कर आली, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मी एकदा सकाळपर्यंत थांबले आणि न्हाणीघरात पडले.

आपली,
एक वाचक