एका रुमालाबद्दल आभार

प्रिय ताई,

गाणं परवा पूर्ण झालं. फोनवर 'थँक्यू' म्हणून झालंय, पण तेवढ्याने मन भरलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही रागवाल हे माहीत आहे. रागवा.

मुलाची जुनी सायकल स्वतःच बोलतेय असं गाणं लिहायचं माझ्या डोक्यात दीड वर्ष होतं. तुमच्याआधी मी ते दोघांना दाखवलं. एकांनी न वाचताच "मुलांचं गाणं आहे ना?" म्हणून सुरुवातीला ट्रिंग ट्रिंग घातलं. दुसऱ्यांनी तीन महिने कागद ठेवून घेतला आणि "फार भावुक आहे" एवढ्या शेऱ्यासह परत पाठवला. भावुक होतं हे खरंच, पण कुठे आणि का बिघडलंय हे सांगायची तसदी कोणी घेतली नाही.

तुम्ही मात्र पहिलीच ओळ वाचून थांबलात. "बघत राहिले मावळतीला, दारापाशी वाट तुझी रे." मला वाटलं, आवडली. तुम्ही विचारलंत, "हिला डोळे कुठे आहेत?"

मी हसले, तुम्ही हसला नाहीत. पेन्सिल घेऊन सायकलने काहीतरी 'पाहिलं' अशी प्रत्येक ओळ तुम्ही खोडलीत. चौदापैकी नऊ ओळी गेल्या. "सायकलला काय कळतं? सीटवरचं वजन, मुठींवरचे हात, पायडलवरचे पाय. बाकीचं सगळं तुझं आहे, तिच्या तोंडात घालू नकोस." मग ऐकू तरी येतं का, असं मी घाबरतच विचारलं. "घंटी आहे ना तिला? मग कान असू देत." हा तर्क मला अजून पटलेला नाही, पण गाण्याला तो फार उपयोगी पडला.

मग तुम्ही सायकल बघायला घरी आलात. गाण्यासाठी कोणी एवढं करतं का, ताई? धूळ खात उभी असलेली ती वीस इंची सायकल तुम्ही पुढे ओढलीत आणि मला पाना आणायला लावलंत. सीटखालचा नट जाम झाला होता. तेल सोडून, दोघींनी जोर लावून तो ढिला केला आणि सीट नळीसकट उपसून काढली. नळीवर काळं ग्रीस आणि गंज. मी फडकं शोधायला आत गेले तोवर तुम्ही पर्समधला स्वतःचा पांढरा रुमाल काढून नळी पुसायलाही लागला होतात.

हीच गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रुमाल वाया जाणार हे दिसत असूनही तुम्ही क्षणभर थांबला नाहीत. पुसता पुसता नळीवर एकाखाली एक चरे उमटत गेले. दर वेळी सीट वर करून नट आवळला की चौकटीची कड नळीवर एक कडं ओरखडते. अशी पाच कडी होती. त्यांतली अंतरं सारखी नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या कड्यात चांगली तीन बोटं जागा होती. मला लगेच कळलं ते कुठलं वर्ष. त्या वर्षी त्याच्या सगळ्या पँटी आखूड झाल्या होत्या.

शेवटच्या कड्याच्या जरा खाली नळीवर कोरलेली एक रेघ होती. निदान इथपर्यंत नळी आत राहिली पाहिजे, असं सांगणारी ती खूण. ती बाहेर दिसली तर आत पुरेशी पकड उरत नाही, वजनाने नळी वाकू शकते किंवा चौकट तडकू शकते. म्हणजे सायकलला आपली हद्द माहीत असते! आणि ती यायच्या आधीच पोराचा गुडघा वळताना हँडलला लागायला लागतो, कारण सीट वर जाते, पण सीट आणि हँडल यांच्यातलं अंतर फारसं वाढत नाही. तो "आई, अडकतंय" म्हणायचा आणि मी "नीट चालव" म्हणायचे.

त्या रात्री हे आलं:

बोट बोट तो वाढत गेला, बोट बोट मी नळी सोडली
आणि एकदा रेघ उघडली, तिथेच माझी उंची सरली

'तू' जाऊन 'तो' आला तो तुमच्यामुळेच. "तो ऐकायला आहे कुठे? मग ती बोलतेय कोणाशी?" एवढंच विचारलं होतंत. मालकीचंही तसंच. आधी माझी सायकल "तू माझा, तू माझा" करत होती. तुम्ही म्हणालात, ती हक्क सांगणार नाही, लोक काय म्हणतात तेवढं तिच्या कानावर पडेल. तेव्हा झालं:

'माझी' म्हणुनी नेई मजला, 'त्याची' म्हणुनी ठेवी आई

ही ओळ लिहून मी बराच वेळ गप्प होते. त्यातली आई मीच.

वेळेचा अंतरा सर्वांत अवघड गेला. चालती सायकल वेळ फेऱ्यांत मोजते, वीस इंची चाकाच्या साधारण सव्वासहाशे फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. उभी राहिली की काय मोजणार? तुम्ही मागचं टायर अंगठ्याने दाबलंत, ते पार बसलं. पंक्चर नव्हतं, रबरातून हवा आपोआप, अगदी सावकाश झिरपत राहते. मग चाक जिथे टेकलेलं असतं तिथेच टायरला घडी पडते आणि पुढे त्याच घडीवर चिरा जातात. "चाकावरती वेळ मोजली, हवेवरी मी मोजत आता" ही ओळ त्या अंगठ्याची आहे.

प्रत्येक अर्धी ओळ सोळा मात्रांची असल्याने केहरवा ताल आपसूक बसला. फ्रीव्हीलची टिकटिक मला सबंध अंतऱ्याखाली हवी होती. करून पाहिलं आणि फसलं. पायडल मारताना फ्रीव्हील गप्प असतं, पाय थांबले आणि चाक पुढे पळत राहिलं की ते बोलतं, आणि चाकाबरोबर मंदावतही जातं. त्यामुळे तिसऱ्या आवर्तनातच ते ठेक्याच्या मागे पडायला लागलं. तबलजी वैतागले. तुम्ही ठेकाच थांबवायला सांगितलात, मागचं चाक उचलून धरलंत, हाताने पायडल दोनदा फिरवून सोडलंत आणि दुसऱ्या हाताने आम्हाला गप्प राहायची खूण केलीत. टिकटिक विरळ होत गेली. शेवटची आली, मग अजून एक आली. गाणं तिथेच संपवलं आपण.

"छान आहे" म्हणून कागद परत देणं सोपं असतं. चांगली माणसं हात काळे करतात, आणि अशी माणसं भेटली की आधीच्यांवरचा राग जरा उतरतो. जराच.

रुमाल माझ्याकडेच राहिलाय. दोनदा धुतला, साबण लावून, मग रॉकेल लावून. ग्रीस निघालं, पण गंजाचे डाग तसेच आहेत. तसाच पाठवू की नवा आणू, तेवढं कळवा.

तुमची,
सायकलवाली