पाठीशी कोमट भिंत

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. ‘श्वासाचा व्यायाम सगळ्यांना जमतो, मला मात्र जमत नाही, आणि आता त्या न जमण्याचाच वेगळा ताण येतो,’ हे तुझे वाक्य वाचून मला हसू आले. क्षमा कर, पण हेच वाक्य मी समुपदेशन करताना कितीतरी जणांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्याच्या बऱ्याच आधी ते स्वतःशी पुटपुटलोही आहे.

तू लिहितोस की चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार आकडे रोखायचा, चार आकडे सोडायचा, असे करत तिसऱ्या फेरीपर्यंत गेलास की ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते आणि छाती धडधडू लागते. यात तुझी काही चूक नाही. घाबरलेल्या माणसाला ‘खोल श्वास घे’ म्हटले की तो बहुधा शरीराच्या गरजेपेक्षा मोठे श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकसतात, आणि मुंग्या काय किंवा गरगरणे काय, दोन्ही त्यातूनच येतात. शिवाय तुझी मूळ भीतीच छातीविषयीची आहे. ज्याला चोराची भीती वाटते, त्याला रात्रभर दाराच्या कडीकडे टक लावून बसायला सांगितले तर त्याला झोप कशी लागेल? शांत होण्याच्या प्रयत्नातूनच काहींची चिंता वाढते, याची नोंद मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच करून ठेवली आहे. हृदय आणि फुप्फुसे डॉक्टरांकडून तपासून घेतलीस हे उत्तम झाले. ते आधी झाल्याशिवाय मी पुढचे काही लिहिलेच नसते.

तुझ्यासाठी मला श्वासाऐवजी एक जागा सुचवायची आहे, कल्पनेतली. चिंता बहुतेक वेळा शब्दांत चालते, हे तू स्वतःच्या बाबतीत तपासून बघ. ‘असे झाले तर? मग तसे झाले तर?’ अशी ती एकाला दुसरे वाक्य जोडत जाते. मनात एखादे चित्र बारकाईने उभे करायचे म्हटले की लक्षाचा मोठा भाग त्यातच गुंततो आणि या वाक्यांना मोकळे रान उरत नाही. चित्राला शरीरही दाद देते. नॉर्वेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की डोळ्यांपुढचा प्रकाश तोच असतानाही माणसाने लख्ख उजेडाची कल्पना केली की बाहुल्या लहान होतात आणि अंधाराची केली की मोठ्या होतात. बाहुली आपल्या हुकमात नसते, पण कल्पनेतला उजेड तिच्यापर्यंत पोहोचतो. फ्रान्सिन शापिरो यांनी विकसित केलेल्या ईएमडीआर या आघातावरील उपचारातही, क्लेशकारक आठवणीला हात घालण्याआधी रुग्णाकडून अशी एक जागा तयार करून घेण्याची पद्धत आहे. तिला पूर्वी सर्रास ‘सुरक्षित जागा’ म्हणत. पण ज्यांना आयुष्यात सुरक्षितता फारशी लाभलेलीच नाही, त्यांना तो शब्दच बोचतो, म्हणून पुष्कळ जण आता ‘शांत जागा’ म्हणतात. मलाही तेच नाव बरे वाटते, कारण त्यात मागणी कमी आहे.

माझी पहिली जागा समुद्रकिनारा होती, आणि ती साफ फसली. ध्वनिमुद्रित मार्गदर्शनात नेहमी किनाराच असतो, म्हणून मीही तोच घेतला. लाट येते, लाट जाते. दोन मिनिटांत माझा श्वास लाटेशी जुळू लागला, मग श्वास जुळतो आहे की नाही हे मी पाहू लागलो, आणि फिरून त्याच जुन्या चक्रात सापडलो. तेव्हा तुला माझी पहिली सूचना अशी की लयीत आत-बाहेर होणारे काहीही तुझ्या चित्रात नको. लाटा नकोत, झोपाळा नको, वाऱ्यावर डोलणारे गवतही नको. दुसऱ्या खेपेस मी आजीची खोली घेतली. ती पहिला दिवस सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीतले तिचे शेवटचे आजारपण आठवले आणि मी रडत उठलो. खऱ्या आठवणीतली जागा घेण्यात हा धोका असतो, आणि त्यातले माणूस तर त्याहून अवघड, कारण माणसे भांडतात, दुरावतात, जातात. जागेत कोणी हवेच असेल तर एखादे मांजर असू दे.

तिसरी जागा मी बनवली. ती कुठेच नाही. दगडी भिंत आहे, दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी कोमट झालेली. तिला पाठ टेकवून मी जमिनीवर बसलो आहे. समोर थोडी मोकळी जागा, पलीकडे झाडांची रांग. बस, एवढेच. मी सुरुवात डोळ्यांपासून करत नाही, पाठीपासून करतो: खांद्यांच्या पात्यांमध्ये दगडाची ऊब, उजव्या बाजूला एक दगड जरा पुढे आलेला, तो फासळीला किंचित टोचतो. मग तळहात जमिनीवर, बारीक रेती, तिच्यात एखादा गोल खडा. मग आवाज, दूर कुठे तरी पाणी संथपणे वाहते आहे, अखंड, त्याला ताल नाही. चित्र सर्वात शेवटी, आणि तेही पुसटच. काही जणांना मनात चित्र अजिबात दिसत नाही. त्याला २०१५ मध्ये ‘अफँटेसिया’ असे नाव मिळाले. तुला चित्र दिसले नाही तरी बिघडत नाही. ऊब आणि आवाज यांवर जागा व्यवस्थित उभी राहते. तो टोचणारा दगड मात्र मी मुद्दाम ठेवला आहे. अगदी गुळगुळीत जागेतून मन लवकर घसरते. अशा एखाद्या कणाला ते धरून राहते.

करताना डोळे मिटण्याची सक्ती नाही. तुझ्यासारख्याने ते उघडेच ठेवावेत, जमिनीवरच्या एखाद्या ठिपक्यावर सैल नजर ठेवून. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे, आणि सुरुवातीला बरे वाटत असतानाच. ही गोष्ट लोक हमखास चुकतात. ऐन घबराटीत पहिल्यांदा जागा शोधायला जाणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेणे. साधारण आठवडाभराने जागेला एक शब्द जोड. माझा शब्द ‘भिंत’ आहे. ऊब नीट जाणवत असतानाच तो मनात म्हणायचा, पुन्हा ऊब, पुन्हा शब्द. असे चार-पाच वेळा केले की पुढे नुसत्या शब्दाने पाठ थोडी सैलावू लागते.

मग परीक्षा घ्यायची, पण लहान. माझीच सांगतो. एका सहकाऱ्याने माझ्या निरोपाला तीन दिवस उत्तर दिले नव्हते. शून्य ते दहा या मापावर त्याची टोचणी तीन. मी तो प्रसंग मुद्दाम आठवला, पोटात किंचित आवळले, मग ‘भिंत’ म्हणून पाठीकडे गेलो. पहिल्या प्रयत्नात काहीच झाले नाही. दुसऱ्यांदा ऊब आली, पण झाडांमागून तोच सहकारी चालत येताना दिसला! असे आगंतुक येतातच. त्यांना हाकलायला गेलो की तेच ठळक होतात, म्हणून मी जागा बदलली: समोरची मोकळी जागा दुप्पट लांब केली, मध्ये एक ओढा घातला, पलीकडचा माणूस पलीकडेच राहिला, लहानसा. जागा तुझी आहे, तिथे ओढा घालायला कोणाची परवानगी लागत नाही. टोचणी तीनाची एक झाली. शून्य झाली नाही, आणि व्हावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. तिनाचा प्रसंग सलग काही दिवस पेलला की चाराचा घे, मग पाचाचा. आठ-नऊच्या घबराटीत ही जागा बहुधा टिकत नाही; तिथे पाय जमिनीवर दाबणे, खोलीतल्या वस्तूंची नावे मोठ्याने घेणे हेच जास्त कामाला येते. लाट पाच-सहापर्यंत उतरली की मग भिंतीकडे जा.

दोन खुणांकडे लक्ष ठेव. दोन-तीन मिनिटे झाली तरी अस्वस्थता वाढतच असेल, जागा आपोआप अंधारत असेल, तर ती जागा तुझी नव्हे. चिवटपणा न करता सोडून दे आणि दुसरी बनव. दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे. कोणी हाक मारलेली ऐकू येत नाही, हात आपले वाटत नाहीत, परत यावेसेच वाटत नाही, असे झाले तर ती शांतता नव्हे, तुटलेपण आहे. ताबडतोब उठून उभा राहा, थंड पाण्याने हात धू, आणि हे पुन्हा घडले तर एकट्याने न करता उपचारतज्ज्ञासमोर कर. वाहन चालवताना तर हा प्रयोग कधीच नको.

एक गोष्ट तुला आवडणार नाही, तरी लिहितो. छातीत धडधडले की लगेच भिंतीकडे धाव, अशी सवय लागली तर धडधड ही पळून जाण्याजोगीच गोष्ट आहे असे मन शिकून बसेल. घबराटीच्या विकारावरील उपचारात त्या धडधडीसोबत थांबून, ती आपोआप ओसरते हे अनुभवणे हाच गाभा असतो. भिंतीने ते काम होत नाही. ती तुला रात्री झोपेपूर्वी, दवाखान्याबाहेर नंबर येईपर्यंत, किंवा तो अवघड फोन करण्याआधीची पाच मिनिटे टेकायला देईल. तुझ्या डॉक्टरांनी त्या दुसऱ्या उपचाराचे सुचवले असेल तर तोही सुरू ठेव, आणि त्या सरावाच्या वेळी भिंत बाजूला ठेव.

आज रात्री फक्त एवढे कर. आपली पाठ, तळवे किंवा पावले यांपैकी कोणत्या भागाला काय टेकले की बरे वाटते, ते एका ओळीत लिहून काढ. ऊब, गारवा, भार, खरखरीतपणा, जे असेल ते. जागा त्याच्याभोवती नंतर बांधू. ती ओळ मला पाठव. आणि त्यात समुद्र आला तर मी पत्र परत पाठवीन.

तुझा,
श्रीधर