औषधाच्या पत्रकातले ‘घेऊ नये’ नेमके किती कडक?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेल्या माहितीपत्रकांचे मराठी अनुवाद तपासताना एक दोष वारंवार दिसतो. इंग्रजी मजकुरात ‘मस्ट नॉट’, ‘शुड नॉट’ आणि ‘मे’ अशा वेगवेगळ्या वजनांच्या सूचना असतात. मराठीत पहिल्या दोन्हींचे ‘घेऊ नये’ होते आणि तिसरीचे सरसकट ‘शकते’. व्याकरण बरोबर असते, त्यामुळे तपासणाराही पुढे जातो. रुग्णाला मात्र कोणती गोष्ट कदापि करायची नाही आणि कोणती जमेल तितकी टाळायची, हे त्या मजकुरातून कळत नाही.

कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या सिमव्हास्टॅटिनच्या पत्रकातल्या तीन सूचना घेऊ. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालू असताना सिमव्हास्टॅटिन वर्ज्य आहे. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर सिमव्हास्टॅटिनचा दिवसाचा डोस २० मिलिग्रॅमच्या वर न्यायचा नाही. आणि ग्रेपफ्रूटचा रस टाळायचा. तिन्हींमागचे कारण एकाच जातीचे आहे. सिमव्हास्टॅटिनचा निचरा सीवायपी३ए४ नावाचे विकर करते आणि या तिन्ही गोष्टी त्या विकराच्या आड येतात. फरक आहे तो किती आड येतात याचा. क्लॅरिथ्रोमायसिन ते इतके रोखते की रक्तातले सिमव्हास्टॅटिन कैक पटींनी वाढते. मग स्नायूंचे तंतू तुटू लागतात, त्यांतले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंड बंद पडू शकते. अ‍ॅम्लोडिपिनने होणारी वाढ त्या मानाने थोडी असते आणि डोस मर्यादित ठेवला की धोका आवाक्यात राहतो.

आता नेहमीचा अनुवाद पाहा: ‘क्लॅरिथ्रोमायसिनसोबत घेऊ नये. अ‍ॅम्लोडिपिनसोबत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घेऊ नये.’ तीन वेळा एकच ‘नये’. याने दोन्हीकडून घात होतो. एखादा वाचक क्लॅरिथ्रोमायसिनची सूचना रसाच्या पंक्तीला बसवतो आणि पाच-सात दिवसांचाच तर कोर्स आहे म्हणून दोन्ही गोळ्या चालू ठेवतो. दुसरा वाचक अ‍ॅम्लोडिपिनचे नाव आणि ‘नये’ एवढेच वाचतो आणि रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने सोडतो.

मराठीत वजनाच्या पायऱ्या नाहीत असे नाही. मनाईसाठी ‘घेता कामा नये’ किंवा थेट ‘घ्यायची नाही’ आहे. सल्ल्यासाठी ‘टाळावा’ आहे. त्या वापरल्या तर हाच मजकूर असा होईल: ‘क्लॅरिथ्रोमायसिन चालू असताना ही गोळी घेता कामा नये. ते घेण्यावाचून पर्याय नसेल, तर त्याचा कोर्स संपेपर्यंत ही गोळी बंद ठेवावी लागते; पुन्हा केव्हा सुरू करायची ते डॉक्टर सांगतील. अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर ही गोळी घेता येते, पण दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. ग्रेपफ्रूटचा रस टाळावा.’ शब्द वाढले, पण ‘घेता येते, पण’ एवढ्यानेच अ‍ॅम्लोडिपिन सोडणारा वाचक थांबतो.

इथे अनुवादकाने एक काळजी घ्यावी. ‘मस्ट’ला अमुक, ‘शुड’ला तमुक असा कोष्टकातला शब्द चिकटवून भागत नाही. वर सांगितलेली २० मिलिग्रॅमची मर्यादा युरोपीय पत्रकांत ‘शुड नॉट एक्सीड’ अशीच लिहिलेली आढळते, तरी ती सल्ला नाही, मर्यादाच आहे. म्हणून आधी सूचना कोणत्या विभागात आहे ते पाहावे. डॉक्टरांसाठीच्या युरोपीय पत्रकात ४.२ म्हणजे डोस, ४.३ म्हणजे औषध कधी वर्ज्य, ४.४ म्हणजे इशारे आणि ४.५ म्हणजे इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रिया. ४.३ मधले प्रत्येक वाक्य मनाईचे, मग इंग्रजी क्रियापद कितीही सौम्य असो. तीच जोडी ४.५ मध्ये पुन्हा आली तर तिथेही मनाईचेच रूप ठेवावे, नाहीतर एका पानावर ‘कामा नये’ आणि दुसऱ्यावर ‘टाळावे’ असे होते आणि वाचक साहजिकच सोयीचे तेवढे धरतो. वाक्याच्या सुरुवातीला येणारा ‘शुड’ तर सूचनाच नसतो. त्याचा अर्थ ‘असे झाल्यास’ एवढाच.

‘मे’ची चूक याहून फसवी आहे, विशेषतः तो नकारासह आला की. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्याला रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिला जाणारा बीटा ब्लॉकर सुरू केला, तर साखर उतरल्यावर होणारी छातीतली धडधड दबून जाऊ शकते. पत्रकात असते ‘यू मे नॉट नोटिस’. त्याचे ‘धडधड जाणवू शकत नाही’ असे केले की अर्थ उलटतो. मूळ सांगते की न जाणवण्याची शक्यता आहे. मराठी सांगते की जाणवणे शक्यच नाही. हे वाचलेल्या रुग्णाला धडधड झालीच, तर साखर उतरल्याची शंका त्याच्या मनात येणार नाही. ‘धडधड कदाचित जाणवणार नाही, घाम मात्र येऊ शकतो, त्याकडे लक्ष ठेवा’ असे लिहावे, कारण बीटा ब्लॉकर घामाचे लक्षण सहसा दाबत नाही. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन चालू असताना घेतल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांबाबतही तेच. ‘मे नॉट वर्क’ म्हणजे ‘गोळ्या काम करू शकत नाहीत’ नव्हे, तर ‘गोळ्यांचा परिणाम कमी पडू शकतो, म्हणून दुसरे साधनही वापरा’.

परवानगीचा ‘मे’ वेगळा. ‘जेवणाआधी किंवा नंतर, केव्हाही घेतली तरी चालते’ हे त्याचे मराठी. आणि ‘डोस बदलण्याची गरज नाही’ या अर्थी ‘डोस बदलायला नको’ असे कधीही लिहू नये, कारण त्या ‘नको’त गरज नसणे आणि मनाई हे दोन्ही अर्थ मावतात.

उलट अनुवाद करून पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण हा दोष ती पकडतेच असे नाही. मनाईचे आणि सल्ल्याचे, दोन्ही ‘नये’ इंग्रजीत ‘शुड नॉट’ होऊन परततात आणि मनाई सौम्य झाल्याचे कुणाच्या नजरेत भरत नाही. त्यापेक्षा वैद्यकाशी संबंध नसलेल्या वाचकांना मजकूर द्यावा आणि अर्थ न विचारता कृती विचारावी: ‘तुम्ही ही गोळी रोज घेता आणि आज डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. काय कराल?’ मग ‘अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिली, तर?’ पहिल्याचे उत्तर ‘ही गोळी थांबवून डॉक्टरांना विचारेन’ आणि दुसऱ्याचे ‘माझा डोस २० च्या आत आहे ना ते बघेन, जास्त असेल तर डॉक्टरांना विचारेन’ असे यायला हवे. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आले, तर ती वाक्ये पुन्हा लिहावी लागतील.

आपले,
औषधांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद तपासणारे काही वाचक