सूचना : चॅटबॉटचे लॉग वाचताना

फक्त ‘मला समजले नाही’ असे उत्तर गेलेले संवाद निवडून वाचू नका. बॉटने ठामपणे दिलेले चुकीचे उत्तर त्या यादीत येतच नाही. उदाहरणार्थ, ‘बिल भरलं पण दिसत नाही’ याला बिल भरण्याची लिंक जाते. ग्राहक ‘पैसे कटले, पावती नाही’ असे पुन्हा लिहितो, तीच लिंक येते आणि तो निघून जातो. नुसते निघून जाणे म्हणजे कंटाळणे नव्हे, काम झालेलेही असू शकते. तोच प्रश्न शब्द बदलून दुसऱ्यांदा आला का, ते बघा. असे संवाद ग्राहकाच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता तक्त्यात उतरवा. बॉटमध्ये तो विषयच नाही, की विषय आहे पण तो ओळखण्यासाठी बॉटला दिलेली नमुना वाक्ये अपुरी, हे वेगळे नोंदवा. दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. मोबाइल व ग्राहक क्रमांक आधी झाका.