जर-तरच्या प्रश्नांबद्दल

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. पहिल्या दोन भागांबद्दल मला काही म्हणायचं नाही. औशाजवळच्या तुमच्या शेताचं वर्णन तू फार छान केलंस. गाडी अडते ती तिसऱ्या भागात. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेतली ती शेवटची चार-पाच मिनिटं. तिथं परीक्षक तुझ्याबद्दल विचारायचं सोडतो आणि समाजाबद्दल, भविष्याबद्दल, 'असं झालं असतं तर' याबद्दल विचारू लागतो. म्हणून आज फक्त त्याबद्दलच लिहितो.

तुला प्रश्न होता, शेतकऱ्यांना मान्सूनवर भरवसा ठेवता आला नसता तर काय झालं असतं? तू सुरुवात केलीस, 'इफ फार्मर्स वुड नॉट ट्रस्ट द रेन, दे वुड गो टू पुणे.' मुद्दा चांगला आहे. चूक आहे ती 'इफ'च्या मागोमाग आलेल्या 'वुड'मध्ये, आणि ही चूक कुठून येते ते कळल्याशिवाय ती जाणार नाही. आपण मराठीत म्हणतो, 'पाणी असतं तर ऊस लावला असता.' असतं आणि असता, वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांत तीच ठेवण. तोच ठेका घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि दोन्हीकडं 'वुड' बसवतो. इंग्रजीत कल्पनेचा भार वाटून दिलेला असतो. 'इफ'च्या बाजूला साधा भूतकाळ येतो आणि 'वुड' फक्त परिणामाच्या बाजूला. 'इफ वी हॅड वॉटर, वी वुड ग्रो शुगरकेन.' इथला 'हॅड' कालचा नाही, आजच्याच कोरड्या विहिरीबद्दल आहे. काळ मागे नेला की गोष्ट खरी नाही, एवढंच ऐकणाऱ्याला कळतं.

खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टीत मात्र तुझी मराठी तुझ्याच बाजूनं उभी आहे. 'पाऊस पडला तर पेरू' असंच आपल्याकडं कुणीही म्हणेल. पाऊस अजून यायचा आहे, तरी 'तर'च्या आधी आपण भविष्यकाळ लावत नाही. इंग्रजीतही 'इफ'च्या बाजूला 'विल' येत नाही. तिथं साधा वर्तमानकाळ येतो, 'इफ इट रेन्स, वी विल सो.' तू दोनदा 'इफ इट विल रेन' म्हणालास. पेरणीचं वाक्य आधी मनात मराठीत म्हणून बघ, कान आपोआप जागेवर येईल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या वाक्यात तू कल्पनेत होतास, पण तिसऱ्या वाक्यात 'दे विल सेल द बुलक्स' म्हणालास. म्हणजे बोलता बोलता बैल खरेच विकले! प्रश्नात 'वुड' असेल तर उत्तर संपेपर्यंत त्याच जगात राहायचं. 'इफ' पुन्हा पुन्हा म्हणायची गरज नाही, अट एकदा मांडली की पुढची सगळी वाक्यं 'वुड'वर चालतात. बाहेर यायचंच असेल तर मुद्दाम, एखादं खरं उदाहरण द्यायला यावं. मग परत आत जावं.

हाच प्रश्न मी कसा बोललो असतो ते सांगतो. आधी, 'इफ फार्मर्स कुडन्ट रिलाय ऑन द मान्सून, मेनी ऑफ देम वुड स्टॉप ग्रोइंग सोयाबीन.' मग कारण, की दुबार पेरणीचा खर्च बऱ्याच जणांना झेपला नसता. त्यानंतर 'सम माइट मूव्ह टू पुणे, अँड दोज हू स्टेड वुड प्रॉबब्ली ड्रिल डीपर बोअरवेल्स.' इथं 'माइट' कुठं आलाय बघ. पीक बदलणं मला जवळपास नक्की वाटतं, म्हणून तिथं 'वुड'. पुण्याला जाणं काहींच्या बाबतीत शक्य आहे, सगळ्यांच्या नाही, म्हणून तिथं 'माइट'. खात्री किती आहे ते क्रियापदावरूनच कळतं, प्रत्येक वाक्याला 'मे बी' चिकटवावं लागत नाही. तुझ्या उत्तरात 'मे बी' इतका आला की तुला नक्की काय वाटतं तेच कळेना. आणि 'माइट'च्या पुढं क्रियापद उघडंच ठेवायचं. 'माइट टू गो' नाही, 'माइट विल गो' तर नाहीच.

मग कल्पनेतून बाहेर ये आणि लातूरचं सांग. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टँकर-वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. हे घडलेलं आहे, म्हणून इथं साधा भूतकाळ. आणि इथूनच तिसरं जग उघडतं, गेलेल्या गोष्टीबद्दलच्या जर-तरचं. 'इफ द ट्रेन हॅडन्ट कम, सम फॅमिलीज माइट हॅव लेफ्ट द सिटी.' मराठीत आजची कल्पना आणि गेलेली संधी यांत बऱ्याचदा फरक दिसत नाही. 'पैसे असते तर घेतलं असतं' हे आजचंही असू शकतं आणि गेल्या वर्षीचंही. इंग्रजीला तो फरक दाखवावाच लागतो. गेलेलं असेल तर 'इफ' बाजूला 'हॅड'सोबत क्रियापदाचं तिसरं रूप, आणि परिणामाकडं 'वुड हॅव' किंवा 'माइट हॅव'. असं एक वाक्य नीट आलं तरी पुरे. प्रत्येक उत्तरात ते घुसवशील तर पाठ केल्यासारखं वाटेल, आणि पाठांतर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

पुढच्या बेतांबद्दल विचारलं तर उलट करायचं, कल्पनेत शिरायचंच नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलीस, आता बाहेर मास्टर्स करायचं तू ठरवलंयस, तेव्हा 'आय अॅम प्लॅनिंग टू स्टडी सॉइल सायन्स' म्हण. परत येऊन काय करशील हे अजून पक्कं नाही, तिथं 'आय माइट कम बॅक अँड वर्क विथ फार्मर्स.' 'आय वुड स्टडी' म्हणालास तर ऐकणारा वाट बघत बसेल की कशावर अडलंय.

गुणांबद्दल तू विचारलं होतंस. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांना समान वजन असतं. तुझं मत बरोबर की चूक याला गुण नाहीत, तेव्हा पटत नसलेल्या बाजूनंही खुशाल बोल. प्रश्न कळला नाही तर तिसऱ्या भागात अर्थ विचारता येतो. तू गप्प राहून अंदाज बांधत बसलास, ते नको.

आता एक काम कर. तुझंच रेकॉर्डिंग परत लाव आणि दुसरं काही ऐकू नकोस, फक्त 'इफ' आल्यावर पुढं काय येतं ते ऐक. 'विल' किंवा 'वुड' सापडला की थांबवायचं आणि ते वाक्य सुधारून मोठ्यानं म्हणायचं. मग शेवटचं वाक्य ऐक, ते पहिल्याच जगात आहे की वाटेत 'विल'वर उतरलं? हे दोन दोष निघाले की उच्चाराकडं वळू. 'आय वुड'चं 'आय'ड' करून बोलायला तुला अजून जड जातंय, पण ते नंतर.

पुढच्या रेकॉर्डिंगला हा प्रश्न घे, गावातली सगळी तरुण मुलं शहरात गेली असती तर शेतीचं काय झालं असतं? लातूरचं उदाहरण यात चालणार नाही, दुसरं शोध. रविवारपर्यंत पाठव, मी सवडीनं ऐकतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा दोस्त